दुसऱ्या वृक्षगणनेत झाडांचे घेर कमी झालेले दिसत आहेत: चूक क्रमांकात, बिंदूत की मापात?

नीरजा

नमस्कार. आमच्या नगरपालिकेच्या वृक्षगणनेची दुसरी फेरी नुकतीच संपली असून त्यातील एका प्रभागाची यादी तपासण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पहिली फेरी पाच वर्षांपूर्वी झाली होती. दोन्ही वेळा प्रत्येक झाडाला नकाशावर एक बिंदू, एक क्रमांक, प्रजाती आणि बुंध्याचा घेर अशी नोंद ठेवलेली आहे. पहिल्या वेळी क्रमांक बुंध्यावर रंगाने लिहिले होते. त्यांपैकी बहुतेक आता वाचता येत नाहीत, म्हणून या फेरीतील प्रगणकांनी मोबाइलवर जुना बिंदू पाहून झाड ओळखले आणि जुन्याच क्रमांकापुढे नवा घेर लिहिला.

दोन्ही याद्या क्रमांकानुसार जोडल्यावर असे दिसले की ४१२ झाडांपैकी ३७ झाडांचा घेर पाच वर्षांत वाढण्याऐवजी कमी झाला आहे. काहींचा एखाद्या सेंटिमीटरने, तर काहींचा तीस-चाळीस सेंटिमीटरने. नमुन्यादाखल काही ओळी देते. घेर सेंटिमीटरमध्ये आहे.

```
ref,species,girth_old,girth_new
0214,Peltophorum pterocarpum,118,88
0215,Delonix regia,79,124
0231,Pongamia pinnata,64,105
0232,Pongamia pinnata,98,60
0233,Pongamia pinnata,52,144
0234,Pongamia pinnata,139,92
0235,Pongamia pinnata,85,
0307,Azadirachta indica,132,43
```

०२३५ समोर प्रगणकाने ‘झाड आढळले नाही’ असा शेरा दिला आहे. ही ३७ झाडे पुन्हा मोजून घ्यावीत आणि नवा आकडा भरून विषय संपवावा, असे मला सुचवण्यात आले आहे. तसे करण्याआधी चूक नेमकी कोणत्या प्रकारची आहे हे समजून घ्यावे असे वाटते.

---

अक्षांश

माझ्या मते मूळ अडचण क्रमांकाचीच आहे. रंगाने लिहिलेला क्रमांक पुसतो, पत्रा चोरीला जातो, परंतु झाड जागा सोडत नाही. त्यामुळे अक्षांश-रेखांश हीच झाडाची खरी ओळख मानावी. दशांश चिन्हानंतर सहा अंक घेतले तर जागा साधारण ११ सेंटिमीटरपर्यंत नेमकी ठरते आणि दोन झाडांचे बुंधे एवढ्या जवळ नसतात. क्रमांकाचा स्तंभ काढून टाकून नव्या फेरीतील प्रत्येक बिंदू जुन्या फेरीतील सर्वांत जवळच्या बिंदूशी जोडा, म्हणजे गोंधळ आपोआप मिटेल.

---

पानगळ

अक्षांश यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. झाड जागा सोडत नाही हे खरे, पण आपण नोंदवतो ती झाडाची जागा नसून मोबाइलने त्या क्षणी केलेला जागेचा अंदाज असतो. सहा अंक लिहिले म्हणजे अंदाज ११ सेंटिमीटरपर्यंत अचूक झाला असे होत नाही. तेवढ्या बारकाईने तो लिहिला गेला, इतकेच. मोकळ्या मैदानात साधा मोबाइल चार-पाच मीटरपर्यंत बरोबर जागा दाखवतो. दाट पानोऱ्याखाली किंवा दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या रस्त्यावर हीच चूक दहा मीटर किंवा त्याहून जास्त होते, कारण उपग्रहाचा संकेत भिंतींवर आदळून येतो. रस्त्याकडेच्या रांगेतील झाडांमध्ये बहुधा चार ते सहा मीटर अंतर असते. म्हणजे चुकीचा आवाका झाडांमधील अंतराइतका किंवा त्याहून मोठा असतो. अशा ठिकाणी ‘सर्वांत जवळचा बिंदू’ हा नियम वापरला तर तो शेजारच्या झाडाला हमखास गाठतो. नीरजा यांच्या प्रगणकांनी नकळत हेच केलेले दिसते.

आता तुमच्या ओळी पाहू. ०२३१ ते ०२३५ ही पाच करंजाची झाडे बहुधा एका रांगेत असावीत. क्रमांक बरोबर आहेत असे मानले तर बदल अनुक्रमे +४१, −३८, +९२, −४७ असे येतात आणि पाचवे झाड नाहीसे झालेले आहे. हे कोणत्याही झाडाच्या वाढीत बसत नाही. पण नवा घेर एक ओळ खाली सरकवून पाहा. ९८ चे १०५, ५२ चे ६०, १३९ चे १४४ आणि ८५ चे ९२ झाले. चारही झाडे पाच ते आठ सेंटिमीटरने वाढलेली आहेत, आणि एकाच रस्त्यावरच्या एकाच प्रजातीच्या झाडांकडून अशीच वाढ अपेक्षित असते. याचा अर्थ नाहीसे झालेले झाड ०२३५ नसून रांगेतले पहिले, म्हणजे ०२३१ आहे. प्रगणक रांगेच्या एका टोकाला उभा राहिला, समोर दिसलेल्या पहिल्या झाडाला त्याने ०२३१ मानले आणि तिथून एकेक पुढे गेला. शेवटी एक क्रमांक उरला, त्यापुढे ‘आढळले नाही’ असे लिहिले गेले.

यात खरे नुकसान घेराच्या आकड्यापेक्षा मोठे आहे. ८५ सेंटिमीटर घेराचे जिवंत झाड कागदावर मेले, आणि ६४ सेंटिमीटर घेराचे तोडले गेलेले झाड कागदावर जिवंत राहून जोमाने वाढले. ते कोणी, कधी आणि परवानगीने तोडले का, हा प्रश्न आता त्या यादीतून कधीच उठणार नाही. फक्त ‘घेर कमी झालेली’ झाडे पुन्हा मोजली तर ०२३२ आणि ०२३४ पुन्हा मोजली जातील, आकडे तेच येतील आणि चूक पक्की होईल.

म्हणून पहिले काम असे की, घटलेल्या घेरांबरोबर अवाजवी वाढलेले घेरही वेगळे काढा. एक ओळ सरकली किंवा दोन झाडांची अदलाबदल झाली, तर साधारण निम्मी चूक घट म्हणून दिसते आणि निम्मी वाढ म्हणून लपते.

---

मंदार_व

एक शंका. उन्हाळ्यात किंवा अवर्षणात झाडाचा बुंधा आकसतो असे वाचले होते. तसे असेल तर काही झाडांचा घेर खरोखरच कमी झालेला नसेल का? शिवाय घेरावरून झाडाचे वय काढता येते ना? मग वय पाच वर्षांनी वाढले आहे की नाही हे पाहून क्रमांक तपासता येतील.

---

पानगळ

बुंधा आकसतो, हे खरे आहे. पाने दिवसभर पाणी बाहेर टाकतात तेव्हा बुंधा किंचित बारीक होतो आणि रात्री पुन्हा भरतो, परंतु हा फरक मिलिमीटरच्या अंशांत असतो व साध्या टेपला तो दिसत नाही. साल गळणाऱ्या झाडांत मात्र जास्त फरक पडू शकतो. निलगिरी किंवा अर्जुनाची सुटत आलेली साल टेपखाली आली तर घेर एक-दोन सेंटिमीटरने जास्त येतो आणि पुढच्या वेळी साल गळून गेलेली असेल तर तेवढाच कमी. म्हणून एक-दोन सेंटिमीटरच्या घटीकडे मी मोजणीतील स्वाभाविक फरक म्हणून पाहतो. तीस सेंटिमीटर कोणत्याही दुष्काळाने कमी होत नाहीत.

वयाबद्दल म्हणाल तर घेरावरून वय काढण्याचा प्रयत्न येथे उपयोगी पडणार नाही. तेच झाड मोकळ्या जमिनीत आणि फरशीने वेढलेल्या आळ्यात अगदी वेगळ्या वेगाने वाढते. शिवाय तुम्ही वय घेरावरूनच काढणार, मग त्याने घेराची तपासणी कशी होईल?

---

शाल्मली

०३०७ क्रमांकाच्या कडुलिंबाबद्दल लिहिते. १३२ चे ४३ झाले आहेत. ४३ ला ३.१४ ने गुणले तर १३५ येतात. त्या झाडाचा घेर न लिहिता व्यास लिहिला गेला असावा. वनखात्याच्या पद्धतीच्या टेपवर एका बाजूला साधे सेंटिमीटर असतात आणि दुसऱ्या बाजूला घेराला पायने भागून थेट व्यास छापलेला असतो. टेप उलटी गुंडाळली गेली की वाचणाऱ्याला कळतही नाही, कारण आकडा स्वतंत्रपणे पाहिला तर पूर्णपणे शक्य कोटीतला असतो. ४३ सेंटिमीटर घेराचे कडुलिंब कुठेही असू शकते.

हे शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे नव्या घेराला जुन्या घेराने भागून त्या भागाकारानुसार यादी लावणे. तुमचे स्तंभ वरच्या क्रमाने असतील तर एवढे पुरेल:

```
=D2/C2
```

निरोगी नोंदी १ च्या किंचित वर गर्दी करतात. ज्या नोंदी ०.३२ ते ०.३५ च्या आसपास पडतात तिथे या वेळी व्यास लिहिला गेला, आणि ज्या ३ च्या वर पडतात तिथे मागच्या वेळी. ०.४ च्या जवळ छोटा पुंजका दिसला तर कोणीतरी इंचांत मोजले आहे. अदलाबदलीच्या चुका मात्र असा पुंजका करत नाहीत, त्या सगळीकडे विखुरतात. त्यांच्यासाठी शेजारच्या ओळी पाहाव्या लागतात. एक सूचना: व्यासाची चूक सापडली तर त्या प्रगणकाची त्या दिवसाची सगळी पाने तपासा. ही चूक सहसा एकटी नसते, कारण टेप दिवसभर तीच असते.

---

नीरजा

मनःपूर्वक आभार. शनिवारी सकाळी जाऊन प्रत्यक्ष पाहून आले, ते सविस्तर लिहिते.

करंजाच्या रांगेत चारच झाडे आहेत. रांगेचा आरंभ जिथे असायला हवा तिथे पदपथावर साधारण हातभर लांबी-रुंदीचा फरशीचा तुकडा बाकीच्या फरशीपेक्षा उजळ रंगाचा आहे. त्याच्या एका कडेची फरशी थोडी वर उचललेली होती. ती बाजूला केली तेव्हा खाली जमिनीलगत कापलेला बुंधा दिसला. मी त्याचा व्यास मोजला, तो २२ सेंटिमीटर भरला. घेर सुमारे ६९ झाला. बुंधा जमिनीजवळ थोडा रुंदच असतो, तेव्हा छातीच्या उंचीवर ६४ हा जुना आकडा बरोबर जुळतो. ०२३१ तोडले गेले आहे आणि ०२३५ जागेवर उभे आहे, हे आता निश्चित झाले.

०२१४ आणि ०२१५ यांची अदलाबदल झालेली आहे. ही दोन झाडे एकमेकांपासून जेमतेम चार मीटरवर आहेत. दोन्हींची पाने लांबून सारखीच दिसतात आणि सध्या दोन्हींना फुले नाहीत. गुलमोहराच्या फांदीवर तलवारीसारख्या लांब, काळ्या, कठीण शेंगा लोंबत होत्या. दुसऱ्याच्या शेंगा बोटाएवढ्या, चपट्या आणि तांबूस होत्या, आणि कोवळ्या शेंड्यांवर गंजाच्या रंगाची मखमल होती. म्हणजे तो सोनमोहर. गुलमोहराचा घेर ८८ आणि सोनमोहराचा १२४ भरला. म्हणजे ७९ चे ८८ आणि ११८ चे १२४ झाले आहेत. दोन्ही झाडे व्यवस्थित वाढत आहेत.

मला पडलेला प्रश्न असा आहे की प्रगणकाने प्रजाती पाहिली असती तर ही चूक तिथल्या तिथे कळली असती. चौकशी केल्यावर समजले की मोबाइलवरच्या नमुन्यात जुनी प्रजाती आधीच भरून येत होती आणि प्रगणकाला फक्त घेर लिहायचा होता. म्हणजे दुसऱ्या फेरीतील प्रजातीचा स्तंभ ही पहिल्या फेरीची नक्कल आहे, ती दुसऱ्यांदा केलेली ओळख नव्हे.

---

प्रगणक_३

मी एका वेगळ्या गावी दोन गणनांमध्ये प्रगणक म्हणून काम केले आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो. आम्हाला दिवसाला ठरावीक संख्येने झाडे पूर्ण करायची असत. प्रजाती आधीच भरलेली असेल तर ती बदलण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही, कारण बदल केला की पर्यवेक्षक कारण विचारतो. न बदलल्यास कोणी काही विचारत नाही. यात प्रगणकाचा आळस कमी आणि नमुन्याची रचना जास्त कारणीभूत आहे.

घेराबद्दलही एक गोष्ट सांगतो. गटाराच्या पलीकडे, काटेरी कुंपणात किंवा उकिरड्यावर असलेल्या झाडाभोवती टेप घालणे शक्य होत नाही, तेव्हा अंदाजाने आकडा लिहिला जातो. असे आकडे ओळखू येतात. अंदाज करणारा माणूस ८०, ९५, १२० असे आकडे लिहितो, ८३ किंवा ११७ लिहीत नाही. खरोखर मोजलेल्या घेरांत शेवटचा अंक ० किंवा ५ असण्याचे प्रमाण साधारण पाचातील एक असते. एखाद्या प्रगणकाच्या यादीत ते निम्म्यावर गेले असेल तर टेप पिशवीतच राहिली होती असे समजावे. नमुन्यात ‘मोजला’ किंवा ‘अंदाजे’ असा एक रकाना ठेवला तर माणसे खरे लिहितात, हा माझा अनुभव आहे.

---

सुलभाताई

आमच्या वसाहतीच्या आवारात जुना वड आहे. मागच्या गणनेत त्याला चार क्रमांक मिळाले होते, एक मूळ बुंध्याला आणि तीन जमिनीत रुतून खोडासारख्या झालेल्या पारंब्यांना. या वेळी एकच क्रमांक मिळाला. परिणामी आमच्या आवारातील तीन झाडे कमी झाल्याचे पत्र आले आणि आम्हाला खुलासा करावा लागला. वडाची पारंबी हे वेगळे झाड धरायचे की नाही? आणि घेर कशाचा मोजायचा?

---

पानगळ

सुलभाताई, पारंबी हा त्याच झाडाचा भाग आहे, म्हणून बिंदू एक आणि क्रमांक एक, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मूळ बुंधा कुजून गेला आणि पारंब्यांच्या खोडांवर झाड उभे असले तरीही ते एकच झाड राहते. घेराचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. मूळ बुंध्याला पारंब्या चिकटून एकजीव झालेल्या असतात, टेप त्या सगळ्यांना वेढा घालते आणि आकडा दर गणनेला मोजणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे मीटर-दोन मीटरने बदलतो. मी अशा झाडांत मूळ बुंध्याचा एक घेर, सुट्या पारंब्यांची संख्या आणि पानोऱ्याचा दोन दिशांनी व्यास अशी नोंद ठेवतो. वडाची वाढ पानोऱ्यातून जास्त विश्वासाने कळते. इतरांची पद्धत वेगळी असू शकते.

याच प्रश्नाची लहान आवृत्ती म्हणजे जमिनीलगत फुटून दोन-तीन खोडांनी वाढणारे झाड. नीरजा, तुमच्या ३७ मध्ये अशी झाडे आहेत का ते अवश्य पाहा. पहिल्या वेळी कोणी तिन्ही खोडांच्या घेरांची बेरीज लिहिली आणि दुसऱ्या वेळी कोणी फक्त जाड खोडाचा घेर लिहिला, तर झाड अर्ध्यावर येते.

---

नीरजा

आहेत, तीन आहेत. त्यांपैकी ०२८८ मध्ये जुना घेर १५० आणि नवा ६४ आहे. मी स्वतः मोजले तेव्हा तीन खोडे ६४, ५१ आणि ४३ भरली. बेरीज १५८ येते. मग मागच्या वेळी बेरीज लिहिली होती असे धरून या वेळीही १५८ लिहावे का?

---

शाल्मली

तुलनेसाठी तो आकडा बाजूला लिहून ठेवा, परंतु ‘घेर’ या स्तंभात नको. तीन बारीक खोडांची बेरीज १५८ येते म्हणून ते झाड १५८ घेराच्या एकखोडी झाडाएवढे होत नाही. एकूण लाकडाचा छेद सारखा राहावा असा एकच घेर हवा असेल तर प्रत्येक घेराचा वर्ग करून बेरीज करायची आणि तिचे वर्गमूळ काढायचे:

```
√(64² + 51² + 43²) = √8546 ≈ 92
```

म्हणजे ते झाड साधारण ९२ घेराच्या एका खोडाइतके आहे. नोंदीत मात्र तिन्ही आकडे वेगवेगळे ठेवावेत. वेगळे आकडे असतील तर बेरीज, वर्गमूळ, सर्वांत जाड खोड यांपैकी काहीही नंतर काढता येते; फक्त १५० असेल तर त्यातून मागे जाता येत नाही. तुमच्या जुन्या नोंदीचे तसेच झाले आहे. ती बेरीज होती हा आपला तर्क आहे, पुरावा नाही.

---

अक्षांश

वरील चर्चेनंतर माझे पहिले मत मी बदलतो. तरीही बिंदूला अगदीच निरुपयोगी ठरवू नये. मोबाइलने दिलेला बिंदू जसाच्या तसा न ठेवता, कार्यालयात बसून स्पष्ट हवाई छायाचित्रावर तो सरकवता येतो, आणि रांगेतील झाडे मोजून क्रम जुळवता येतो. दाट पानोरे एकमेकांत मिसळलेले असतील तर बुंधा दिसत नाही, तिथे दिव्याचा खांब किंवा इमारतीचा कोपरा यांसारख्या स्थिर खुणेपासून टेपने अंतर घ्यावे. ‘खांबापासून ३.२ मीटर, पदपथाच्या कडेपासून ०.६ मीटर’ एवढी नोंद असती तर ०२३१ चा घोळ झालाच नसता. शिवाय मोबाइल त्या क्षणी स्वतःची संभाव्य चूक किती सांगत होता तो आकडाही बिंदूबरोबर साठवावा. ४ मीटर सांगणारा बिंदू आणि २० मीटर सांगणारा बिंदू नकाशावर सारखेच दिसतात.

---

पानगळ

हे मला पूर्ण मान्य आहे. क्रमांक झाडाचा असतो, जागेचा नसतो आणि रांगेतील स्थानाचाही नसतो. ०२३१ तोडले गेले तर तो क्रमांक निवृत्त होतो. उद्या त्याच आळ्यात रोप लावले तर त्याला यादीतला पुढचा नवा क्रमांक द्यावा, मग तो ०४१३ का असेना. रांगेत ०४१३ नंतर ०२३२ येणे डोळ्यांना खटकते आणि म्हणूनच दर गणनेत कोणीतरी ‘क्रमांक नीट लावून घेऊ’ असे सुचवते. तसे एकदा केले की आधीच्या सगळ्या फेऱ्यांशी असलेला धागा तुटतो.

बुंध्यावर क्रमांक टिकवण्यासाठी मी अॅल्युमिनियमची छोटी पट्टी आणि अॅल्युमिनियमचाच खिळा वापरतो. खिळ्याचे डोके सालीपासून दोन-अडीच सेंटिमीटर बाहेर ठेवावे लागते. पूर्ण ठोकला तर वाढणारी साल काही वर्षांत पट्टी गिळून टाकते. तारेने बांधू नये. बुंधा जाड होत गेला की तार रुतते आणि झाडाचा गळा आवळला जातो. पट्टी सर्वत्र एकाच बाजूला, म्हणजे रस्त्याकडे पाठ असलेल्या बाजूला, हात पोहोचेल त्याहून थोडी वर लावावी. पट्टी नेहमी एकाच बाजूला असली की ती न सापडणे हीदेखील माहिती ठरते.

---

मंदार_व

जिवंत झाडाला खिळा ठोकणे मला पटत नाही. आम्ही अनेक वर्षे झाडांवरचे जाहिरातींचे खिळे काढण्याचे काम करत आहोत आणि गणनेसाठी मात्र प्रत्येक झाडाला एक खिळा ठोकायचा, हे लोकांना काय सांगून समजावणार?

---

पानगळ

तुमची हरकत रास्त आहे. जाड सालीच्या मोठ्या झाडाला एका बारीक खिळ्याची जखम झाड स्वतः बंद करून टाकते, म्हणून मी तो स्वीकारतो. कोवळ्या किंवा पातळ सालीच्या झाडाला खिळा ठोकूच नये. तिथे आधाराच्या काठीला किंवा आळ्याच्या कडेला पट्टी लावावी. तुम्हाला कोणत्याच झाडाला खिळा नको असेल तर अक्षांश यांनी सांगितलेली खांबापासूनची मापे हा खरा पर्याय आहे. त्याला वेळ जास्त लागतो.

---

नीरजा

पुन्हा एकदा सर्वांचे आभार. आजपर्यंतचा हिशोब मांडते. ३७ पैकी ११ झाडांत घट एक-दोन सेंटिमीटरचीच होती, ती तशीच ठेवली. १४ झाडांत अदलाबदल किंवा ओळ सरकणे हे कारण निघाले. त्यांची जोडीदार म्हणून अवाजवी वाढलेली आणखी १२ झाडे सापडली, जी मूळ ३७ मध्ये नव्हतीच. व्यासाची चूक पाच झाडांत आहे आणि पाचही नोंदी एकाच दिवसाच्या आहेत. तीन बहुखोडी झाडे आहेत.

उरलेल्या चार झाडांनी मला दोन दिवस अडवून ठेवले. चारही एका शाळेच्या कुंपणालगत आहेत, क्रमांक बरोबर आहेत, प्रजाती बरोबर आहेत, टेपची बाजू बरोबर आहे, आणि तरीही प्रत्येकाचा घेर चार ते सहा सेंटिमीटरने कमी आहे. शेवटी तिथल्या रखवालदारांनी सांगितले की दोन वर्षांपूर्वी मैदानात पाणी साचते म्हणून कुंपणापर्यंत भराव टाकला गेला. कुंपणाच्या भिंतीचा तळाचा थर जिथे दिसेनासा होतो तिथून मोजले तर भराव सुमारे ४० सेंटिमीटरचा आहे. म्हणजे आम्ही जमिनीपासून १.३ मीटरवर टेप लावली, पण झाडाच्या दृष्टीने ती १.७ मीटरवर लागली, जिथे बुंधा निमुळता होत गेलेला आहे.

आता या चार झाडांच्या नोंदीत काय लिहावे? नव्या जमिनीपासून १.३ मीटरवरचा घेर, की जुन्या पातळीचा विचार करून ०.९ मीटरवरचा?

---

पानगळ

दोन्ही मोजा आणि प्रत्येकापुढे टेपची उंची लिहा. जुन्या फेरीशी तुलना ०.९ मीटरवरच्या आकड्याने करा, आणि पुढच्या फेरीसाठी १.३ मीटरवरचा आकडा नवा आरंभ समजा. दरम्यान एक काम तातडीचे आहे. बुंध्याभोवती ४० सेंटिमीटर माती टाकली असेल तर जुन्या मुळांना हवा मिळत नाही आणि मातीखालची साल कुजू लागते. झाडे दोन वर्षे टिकली आहेत म्हणून ती सुरक्षित आहेत असे नाही. बुंध्याभोवतीचा भराव जुन्या पातळीपर्यंत हाताने, मुळांना इजा न करता, मोकळा करून घ्यावा.

---

प्रगणक_३

एक मुद्दा राहून गेला. पुढच्या फेरीत जुना घेर आणि जुनी प्रजाती प्रगणकाला दाखवायची की नाही? दाखवली तर तो नक्कल करतो, हे मी वर लिहिले आहे. पण दाखवली नाही तर ‘११८ चे ८८ कसे झाले’ हा प्रश्न झाडासमोर उभे असताना पडत नाही, महिन्यानंतर कार्यालयात पडतो आणि मग पुन्हा तिथपर्यंत जावे लागते.

---

शाल्मली

आधी प्रगणकाने प्रजाती आणि घेर स्वतः भरावा, नोंद जतन झाल्यावरच जुनी नोंद उघडावी, आणि फरक जास्त असेल तर तिथेच पुन्हा मोजायला सांगावे, असा नमुना करता येतो. आकडा बदलला तर दोन्ही आकडे साठवले जावेत.

---

पानगळ

मी अजूनही जुना घेर मुळीच न दाखवण्याच्या बाजूचा आहे. फरक दिसल्यावर पुन्हा मोजणारा माणूस जुन्या आकड्याच्या दिशेनेच टेप ओढतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. प्रजातीच्या बाबतीत मात्र शाल्मली यांची पद्धत चालेल, कारण तिथे शेंग किंवा पान हातात धरून खात्री करता येते.

---

नीरजा

या प्रश्नावर आमच्याकडेही दोन मते आहेत. एका लहान प्रभागात दोन गट करून दोन्ही पद्धतींनी मोजून पाहण्याचा विचार आहे. ०२३१ निवृत्त म्हणून नोंदवला असून त्यापुढे ‘बुंधा जमिनीलगत कापलेला, फरशीखाली’ असा शेरा आणि छायाचित्र जोडले आहे. ०२३५ पुन्हा यादीत आले आहे. शाळेतील चार झाडांभोवतीची माती काढण्यासाठी अर्ज दिला आहे. तोवर मुख्याध्यापकांच्या परवानगीने रविवारी पहिल्या झाडापासून सुरुवात करत आहोत.